भाऊंचं जुनं सिम आणि न येणारं ४जी

माझ्या मोठ्या भावाने दिवाळीनंतर तुमसरहून नवा ५जी फोन आणला. धानाची रास घरात होती, हातात थोडे पैसे होते, आणि जुन्या फोनवर धान खरेदी केंद्राचे संदेश नीट वाचता येत नव्हते. जुन्या फोनमधलं सिम काढून नव्यात घातलं. फोन लागू लागला, पण वरच्या कोपऱ्यात सतत `E` दिसायचं. सातबारा उघडायला घेतला तर पांढरं पान फिरत राहायचं. आणि कुणाचा फोन आला की चालू असलेलं इंटरनेट तिथेच थांबायचं.

“काऊन गा, एवढे पैसे मोजले तरी हा तसाच?” भाऊंनी विचारलं. आमच्या सिहोऱ्यात अशा वेळी पहिलं उत्तर ठरलेलं असतं: टॉवर नीट नाही. बावनथडी ओलांडली की मध्य प्रदेश, त्यामुळे फोन पलीकडचा टॉवर पकडतो असंही कुणी सांगतं. दुकानदाराने सेटिंग तपासली. नेटवर्कचा प्रकार `5G/4G/3G/2G` असाच होता. फोन रीसेट करून झाला. दुसरा फोन बदलून घ्यायचा विचारही सुरू झाला.

फोन परत करण्याआधी आम्ही एक साधी तपासणी केली, आणि ती प्रत्येकाने करावी असं मला वाटतं. भाच्याचं सिम त्याच कंपनीचं होतं, पण अलीकडे घेतलेलं. ते भाऊंच्या नव्या फोनमध्ये, त्याच खाचेत घातलं. थोड्या वेळात `4G` आलं. मग भाऊंचं सिम भाच्याच्या फोनमध्ये घातलं, ज्यात रोज ४जी चालतं. तिथे `E`. जागा तीच, कंपनी तीच, आणि दोष सिमच्या मागोमाग गेला. फोन आणि टॉवर दोन्ही सुटले, कार्ड सापडलं. फक्त एकच अदलाबदल केली असती तर एवढं खात्रीने सांगता आलं नसतं. कंपनी वेगळी असलेलं सिम घालून बघणं तर निरर्थकच, कारण मग टॉवरही बदलतो.

आता हे का होतं ते सांगतो, कारण कारण कळलं की सिम कुणी बदलायचं आणि कुणी नाही हेही कळतं.

सिमच्या सोनेरी चकतीखाली एक छोटी चिप असते आणि तिच्यात कंपनीने भरलेली एक गुप्त किल्ली. फोन चालू झाला की टॉवरकडून एक आकडा येतो, चिप त्या किल्लीने त्याचं उत्तर काढते, आणि उत्तर बरोबर असलं की कंपनी तुम्हाला आत घेते. २जीच्या काळातल्या कार्डात एवढंच होतं: कंपनी तुम्हाला तपासायची, पण समोरचा टॉवर खरंच कंपनीचा आहे का, हे तपासायची सोय कार्डात नव्हती. त्यामुळे खोटा टॉवर उभारून संभाषण ऐकणं शक्य होतं. ३जी आल्यावर कार्डात नवा कार्यक्रम आला, त्याला यूसिम म्हणतात. त्यात कार्डही टॉवरची खूण तपासतं आणि मगच पुढे जातं.

३जीने मात्र जुन्या कार्डांना सवलत ठेवली होती. जुनं सिम ३जी फोनमध्ये चालायचं. ४जीने ही सवलत काढून टाकली. ४जीचे नियम ठरवणाऱ्या थ्रीजीपीपी या जागतिक संघटनेच्या सुरक्षा-नियमात स्पष्ट आहे की नुसतं २जीचं सिम असेल तर ४जीच्या जाळ्यात प्रवेश द्यायचा नाही. म्हणजे हा बिघाड नाही, ठरवून केलेली बंदी आहे. फोन कितीही महाग असो, सेटिंग कितीही बदला, त्या कार्डावर ४जी येणार नाही.

म्हणूनच भाऊंचा गोंधळ झाला. “याच सिमवर आधी नेट बरं चालायचं,” हे त्यांचं म्हणणं खरं होतं. तेव्हा ते ३जीवर चालत होतं. पुढे खासगी कंपन्यांनी ३जीची जागा ४जीला दिली. मधली पायरी गेली आणि जुनं कार्ड थेट २जीवर उतरलं. ते ३जीत चालत होतं यावरून ते ४जीत चालेल असं समजू नये.

व्होल्टे आणि ५जी या दोन्ही गोष्टी याच दारातून जातात. व्होल्टे म्हणजे ४जीच्या इंटरनेटवरूनच बोलणं. ४जी नाही तर व्होल्टे नाही. ५जीचे आपल्याकडे दोन प्रकार आहेत. १ ऑक्टोबर २०२२ रोजी देशात ५जी सुरू झालं तेव्हा एअरटेलने ते ४जीच्या आधारावर उभं केलं: फोन आधी ४जीला जोडला जातो आणि मग ५जीची जोड मिळते. जिओने ५जीचं जाळं स्वतंत्र ठेवलं. पण स्वतंत्र जाळ्यालाही यूसिमच लागतं. २जीचं कार्ड दोन्हीकडे बाहेरच राहतं.

आता याची दुसरी बाजूही सांगायला हवी, कारण अर्धी माहिती ऐकून लोक चांगलं सिमही बदलायला धावतात. ५जी फोन घेतला म्हणून ‘५जी सिम’ घ्यायला पाहिजे असं नाही. ज्या कार्डावर आज ४जी व्यवस्थित चालतं, त्यात यूसिम आहेच. एअरटेल आणि जिओ या दोघांनीही आपली ४जी सिमं ५जीवर चालतात असं सांगितलेलं आहे. जिओने २०१६ साली सेवा सुरू केली तीच ४जीवर, तिच्याकडे २जी कधी नव्हतं. म्हणून जिओच्या कार्डावर ही अडचण येतच नाही. तिथे ५जी दिसत नसेल तर कारण फोन, सेटिंग किंवा परिसर यांत शोधावं.

माझ्या एका मित्राची गोष्ट अशीच. त्याच्या फोनवर एरवी `4G` दिसायचं, पण फोन लागला की चिन्ह `E` व्हायचं आणि नेट थांबायचं. वरवर पाहता भाऊंसारखंच. पण फरक मोठा आहे. ज्या कार्डावर `4G` एकदा जरी दिसलं, ते कार्ड ४जीच्या दारातून आत गेलेलं असतं. बोलताना फोन २जीवर उतरत असेल तर व्होल्टे चालू झालेलं नाही इतकंच. त्याच्या फोनमध्ये सिमच्या सेटिंगमधलं `VoLTE` बटण बंद होतं. काही फोनमध्ये ते चालू असूनही व्होल्टे येत नाही, कारण फोनचं सॉफ्टवेअर जुनं असतं किंवा परदेशातून आणलेल्या त्या फोनला इथल्या कंपनीच्या व्होल्टेची सोय दिलेली नसते. तिथे सिम बदलून काही मिळत नाही.

एक मधला प्रकार उरतो. कार्डावर ३जी छापलेलं असतं, आत यूसिमही असतं, तरी ४जी येत नाही. अशा वेळी कंपनीच्या नोंदीत त्या कार्डाला ४जी दिलेलं नसतं, आणि बहुतेकदा कंपनी नवं कार्ड देऊनच ती नोंद बदलते. त्यामुळे व्यवहारात निकष एकच धरावा: त्याच जागी, त्याच कंपनीच्या दुसऱ्या सिमवर ४जी येतं आणि तुमच्यावर दोन्ही फोनमध्ये येत नाही, तर बदला. कात्रीने कापून लहान केलेलं जुनं कार्ड असेल तर वाट पाहू नका. मूळचं मोठं कार्ड हल्लीच्या नॅनो कार्डापेक्षा थोडं जाड असतं. ते नव्या फोनच्या खाचेत अडकू शकतं आणि खाचेच्या पिना वाकू शकतात.

बदलायला गेलो तेव्हा खरी अडचण वेगळीच निघाली. नंबर वडिलांच्या नावावर होता. वडील जाऊन बरीच वर्षं झाली, भाऊ तोच नंबर वापरत राहिले, बँकेत, धान खरेदीच्या नोंदणीत, सगळीकडे तोच. दुसरं कार्ड मात्र ज्याच्या नावावर नंबर आहे त्याची ओळख पटवल्यावरच मिळतं. मग आधी नंबर भाऊंच्या नावावर करावा लागला: वडिलांच्या मृत्यूचा दाखला, भाऊंचं ओळखपत्र, घरच्यांची ना-हरकत. आमच्या भागात वडिलांच्या किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाच्या नावावर चालणारे असे नंबर घरोघरी आहेत. आपल्या नावावर कोणते नंबर आहेत ते केंद्र सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर (`sancharsaathi.gov.in`) पाहता येतं. तुमचा नंबर तुमच्या नावावर नसेल, तर नवा फोन घ्यायच्या आधी नावाचं काम उरका.

दुसरी गोष्ट सिममध्ये साठवलेल्या नंबरांची. भाऊंचे मजुरांचे, ट्रॅक्टरवाल्याचे, राईस मिलचे नंबर जुन्या कार्डाच्या चिपमध्येच होते. नव्या कार्डावर तुमचा मोबाईल नंबर येतो, हे नंबर येत नाहीत. कार्ड बदलण्याआधी संपर्क-यादीतून ते फोनमध्ये किंवा खात्यात उतरवून घ्यावेत.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, वेळेची. दूरसंचार विभागाच्या नियमानुसार नवं सिम चालू झाल्यापासून २४ तास त्या नंबरवर एसएमएस येतही नाही आणि जातही नाही. फोन लागतो, इंटरनेट चालतं, पण ओटीपी येत नाही. यूपीआयची अॅपंही सिम बदललं की नंबर पुन्हा पडताळायला सांगतात, आणि ती पडताळणी एसएमएसवरच चालते. म्हणजे एक दिवस पैशांचे व्यवहार अडकतात. हा नियम तुमच्या भल्याचा आहे: कुणी चोरून तुमच्या नंबरचं कार्ड काढलंच, तर त्याला लगेच खातं रिकामं करता येऊ नये आणि तेवढ्यात तुम्हाला कळावं. पण धानाची नोंदणी, ई-पीक पाहणी किंवा विम्याची शेवटची तारीख उद्यावर असेल तर आज सिम बदलू नका. आम्ही नोंदणी आटोपल्यावर गेलो. खिशात थोडी रोख ठेवली, आणि बँकेचं काम दोन दिवस पुढे ढकललं.

आणि चोरून कार्ड काढणाऱ्यांची रीत माहीत असू द्या. “तुमचं सिम जुनं आहे, आज रात्री बंद पडेल, ५जी करून देतो,” असा फोन येतो. समोरचा वीसेक आकड्यांचा एक क्रमांक सांगतो आणि तो तुमच्याच मोबाईलवरून अमुक नंबरला एसएमएस करायला लावतो. तो क्रमांक त्याच्या हातातल्या कोऱ्या सिमचा असतो. तुम्ही संदेश पाठवलात, होकार दिलात, की तुमचा नंबर त्याच्या कार्डावर जातो आणि तुमच्या फोनवर नेटवर्क उडतं. भारतातल्या सिमच्या मागचा क्रमांक `8991` ने सुरू होतो. असा क्रमांक कुठेही पाठवायचा झाला तर तो तुमच्या स्वतःच्या हातात असलेल्या नव्या कार्डावर छापलेला दिसला पाहिजे. फोनवर कुणी सांगितला असेल तर ठेवून द्या. आणि काही कारण नसताना फोनचं नेटवर्क अचानक गेलं, शेजाऱ्याचं मात्र चालू असलं, तर दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला आणि मग कंपनीला कळवा.