प्रयोगवहीतील नोंदींवरून कार्यपद्धतीचा परिच्छेद

१. प्रास्ताविक

मागील घटकात आपण वैज्ञानिक अहवालाचे भाग पाहिले. त्यांपैकी 'कार्यपद्धती' या भागाचे लेखन प्रस्तुत घटकात अभ्यासायचे आहे. त्यासाठी नागपूरशी निगडित असलेले एक उदाहरण घेऊ.

नागपूरची राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे 'नीरी', १९५८ साली वेगळ्या नावाने स्थापन झाली. १९७४ मध्ये तिला सध्याचे नाव मिळाले. पिण्याच्या पाण्यातील जादा फ्लोराइड चुना व तुरटी यांच्या साहाय्याने कमी करण्याची 'नालगोंडा पद्धती' या संस्थेने विकसित केली. यवतमाळ आणि चंद्रपूर या जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड अधिक आढळते. त्यामुळे विदर्भातील वाचकाला हा विषय परका नाही.

२. कृती आणि कार्यपद्धती यांतील भेद

ही पद्धती घरी वापरणाऱ्या व्यक्तीला पुढील सूचना देता येतील : 'बादलीत पाणी भरा. चुना टाकून ढवळा. तुरटीचे द्रावण टाका. दहा मिनिटे सावकाश ढवळा. एक तास हलवू नका. वरचे नितळ पाणी काढून घ्या.' ही कृती आहे. तिच्यातील क्रियापदे आज्ञार्थी असून वाचकाने पुढे काय करावे, एवढेच ती सांगते. आपल्या जागी ती निर्दोष आहे.

प्रयोगशाळेच्या अहवालाचा वाचक मात्र वेगळा असतो. त्याला लगेच पाणी शुद्ध करायचे नसते. हाती आलेल्या आकड्यांवर कितपत विश्वास ठेवावा, हे त्याला ठरवायचे असते. म्हणून त्याला 'काय करावे' यापेक्षा 'त्या दिवशी प्रत्यक्षात काय केले' हे हवे असते. कार्यपद्धतीचा परिच्छेद भूतकाळात लिहितात, त्याचे कारण हेच.

३. मूळ नोंदी

पुढील नोंदी या घटकासाठी नमुन्यादाखल तयार केल्या आहेत. तुरटीची मात्रा ठरवण्यासाठी करतात त्या 'जार चाचणी'च्या त्या आहेत.

> विहीर नमुना. फ्लो. ३.२, क्षारता ४००
> ४ जार, १ लि.
> चुना १.५ / २ / २.५ / ३ मिलि
> तुरटी ३ / ४ / ५ / ६ मिलि
> वेगाने १ मि., मग सावकाश १० मि.
> जार ३ – पाते अडकले, ४ मि. फिरले नाही
> १ तास स्थिर. वरचे पाणी गाळले
> फ्लो. १.७ / १.२ / १.४ / ०.८
> जार ३ पुन्हा केला – १.०

या नोंदी लिहिणाऱ्याला पुरेशा आहेत, कारण उरलेले सर्व त्याच्या समोर आहे. 'तुरटी ४ मिलि' असे लिहिताना बाटलीवरची चिठ्ठी त्याला दिसते. आपल्याला ती दिसत नाही. द्रावणात लिटरला १०० ग्रॅम तुरटी असेल, तर ४ मिलिलिटरमधून ४०० मिलिग्रॅम तुरटी जाते. १० ग्रॅम असेल, तर केवळ ४० मिलिग्रॅम. म्हणून परिच्छेद लिहिण्याआधी 'वहीत काय नाही?' हा प्रश्न विचारावा आणि उत्तर बाटलीवरच्या चिठ्ठीवरून किंवा प्रयोग करणाऱ्याला विचारून मिळवावे. अंदाजाने भर घालू नये. आपल्या उदाहरणात चिठ्ठ्यांवर तुरटीसाठी लिटरला १०० ग्रॅम आणि चुन्यासाठी लिटरला १० ग्रॅम असे लिहिले आहे, असे धरू.

४. तयार परिच्छेद

> विहिरीच्या पाण्यातील फ्लोराइड कमी करण्यासाठी तुरटीची योग्य मात्रा ठरवण्याकरिता चार जारमध्ये चाचणी घेतली. मूळ पाण्यात लिटरला ३.२ मिलिग्रॅम फ्लोराइड होते. क्षारता लिटरला ४०० मिलिग्रॅम होती. प्रत्येक जारमध्ये एक लिटर पाणी घेऊन त्यात प्रथम चुना आणि नंतर तुरटीचे द्रावण मिसळले. तुरटीची मात्रा चार जारमध्ये अनुक्रमे ३००, ४००, ५०० आणि ६०० मिलिग्रॅम होती. चुना प्रत्येक वेळी तुरटीच्या विसाव्या भागाइतका घेतला. मिश्रण एक मिनिट वेगाने आणि त्यानंतर दहा मिनिटे सावकाश ढवळले. सावकाश ढवळताना तिसऱ्या जारचे पाते चार मिनिटे बंद पडले होते. म्हणून त्या मात्रेची चाचणी त्याच पाण्यावर पुन्हा घेतली. ढवळणे थांबल्यावर जार एक तास स्थिर ठेवले आणि वरचे पाणी गाळून त्यातील फ्लोराइड मोजले.

वहीतील फ्लोराइडचे अंतिम आकडे येथे नाहीत, कारण ते 'निष्कर्ष' या भागात जातात. आठ मिलिलिटरचे आकडेही गळले आहेत. त्यांच्या जागी मात्रा आणि 'विसावा भाग' हे प्रमाण आले आहे. वाचकाला उपयोगी पडते ते प्रमाण. पिपेटने किती मिलिलिटर टाकले, हे नव्हे.

५. अडकलेल्या पात्याचे वाक्य

नवशिक्या लेखकाला 'पाते बंद पडले' हे वाक्य अहवालात गैर वाटते. ते गाळले आणि पुनर्चाचणीचा उल्लेखही केला नाही, तर काय होते ते पाहा. वाचकासमोर १.७, १.२, १.४, ०.८ हे आकडे उरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात फ्लोराइडची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे. ती गाठणारी एकच मात्रा वाचकाला दिसेल, ती म्हणजे ६०० मिलिग्रॅम. प्रत्यक्षात ५०० मिलिग्रॅमही पुरेशी होती. म्हणजे दर हजार लिटर पाण्यामागे १०० ग्रॅम तुरटी विनाकारण खर्च होईल.

उलट, १.४ हा आकडा गाळून गुपचूप १.० लिहिणेही योग्य नाही. पाते बंद पडल्यामुळेच आकडा वाढला, हे संभाव्य आहे. सिद्ध झालेले नाही. घडलेले सांगावे, दोन्ही आकडे निष्कर्षात द्यावेत आणि निर्णय वाचकावर सोपवावा. यादीवजा कृतीत अशा घटनेला जागाच नसते, कारण 'पाते अडकू द्या' अशी सूचना कोणी देत नाही. परिच्छेद लिहिण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे.

६. वाक्यरचनेविषयी दोन सूचना

पहिली सूचना 'करण्यात आले' या रचनेविषयी. 'मिसळण्यात आले, ढवळण्यात आले, ठेवण्यात आले' अशी माळ लावल्याने लेखन शास्त्रीय होत नाही, केवळ लांबते. 'मिसळले, ढवळले, ठेवले' ही साधी कर्मणी रूपे पुरेशी आहेत. त्यांतही कर्ता अध्याहृत राहतो.

दुसरी सूचना 'ऊन' प्रत्ययान्त धातुसाधिताविषयी. 'पाणी घेऊन त्यात चुना मिसळला' हे वाक्य बरोबर आहे, कारण घेणारा आणि मिसळणारा एकच आहे. 'मिश्रण ढवळून गाळ तळाशी बसला' हे सदोष आहे, कारण ढवळणारा माणूस आहे आणि बसणारा गाळ. तेथे 'ढवळणे थांबल्यावर गाळ तळाशी बसला' असे लिहावे. त्यामुळे गाळ केव्हा बसू लागला, हेही कळते.

७. स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. 'जार २ – तुरटी आधी टाकली, चुना नंतर' अशी नोंद वहीत असती, तर परिच्छेदात कोणते वाक्य आले असते? ते कोठे घालाल?

२. परिच्छेदात क्षारता 'कोणत्या मापाने' मोजली ते सांगितलेले नाही आणि फ्लोराइड मोजण्याची रीतही दिलेली नाही. ही माहिती मिळवण्यासाठी प्रयोग करणाऱ्याला विचारायचे दोन प्रश्न लिहा.

३. वरील परिच्छेदावरून घरगुती वापरासाठी सूचना लिहा. कोणती वाक्ये गळतात आणि का, ते तीन-चार वाक्यांत स्पष्ट करा.