तारीख आणि पन्नास शब्द

पालकहो, पालकसभेत हमखास कुणीतरी उत्तरपत्रिका पुढे करून विचारतं, "सर, हिचं इंग्रजी एवढं छान, तरी नोटीस रायटिंगला चारपैकी अडीचच?" सीबीएसई बारावीच्या इंग्रजी कोअरमधला हा प्रश्न. त्या चारांची वाटणी अशी: मांडणीला एक, मजकुराला दोन, आणि व्याकरण-शुद्धलेखनाला एक. भाषा कितीही झुळझुळीत असली तरी तिच्या वाट्याचा गुण एकच.

अशाच एका उत्तरपत्रिकेतला प्रश्न असा होता: वाद-विवाद मंडळाच्या सचिव म्हणून आंतरहाऊस स्पर्धेसाठी नावं मागवणारी सूचना लिहा. शब्दमर्यादा पन्नास. मुलीने शंभराच्या वर लिहिले. सुरुवातीची तीन वाक्यं वक्तृत्वाने व्यक्तिमत्त्व कसं फुलतं यावर. वाचायला खरोखर सुरेख! पण स्पर्धा कोणत्या तारखेला आणि कोणत्या विषयावर एवढंच त्यातून कळतं. किती वाजता, कुठल्या हॉलमध्ये, नाव कधीपर्यंत आणि कुणाकडे द्यायचं, याचा पत्ता नाही. म्हणून मजकुराचा एक गुण गेला. शाळेचं नाव, "नोटीस" हा शब्द, शीर्षक, खाली नाव आणि पद हे सगळं होतं. मात्र सूचना काढल्याची तारीख राहिली. तिथे अर्धा गेला. भाषेचा गुण पूर्ण दिला.

यात सूचनेची तारीख आणि कार्यक्रमाची तारीख वेगळ्या, हे मुलं फार विसरतात. प्रश्नात वेळ किंवा जागा दिली नसेल तर ती आपल्या मनाने घालायची असते, हेही अनेकांच्या ध्यानात येत नाही. उलट नाव आणि पद प्रश्नात दिलेलंच लिहायचं, स्वतःचं नाही.

शब्द मोजायचे ते मधल्या मजकुराचे. शाळेचं नाव, तारीख, शीर्षक, सही त्यात धरायची नाही. पन्नासात बसवायचं तर प्रस्तावना आधी उडवावी लागते. वरच्या उत्तरातली ती तीन वाक्यं काढली असती तर राहिलेल्या चारही गोष्टींना जागा झाली असती.

"सापडले" या सूचनेत मात्र नियम थोडा फिरतो. घड्याळ सापडलं असेल तर त्याचा रंग, कंपनी, पट्टा असं सगळं वर्णन द्यायचं नाही, नाहीतर कुणीही येऊन ते आपलंच म्हणेल. "हरवले" असेल तर तेच वर्णन हवं.

घरी सराव घेताना इंग्रजी तपासत बसू नका. सूचना एकदा वाचा आणि ती लावणाऱ्याला फोन करून काही विचारावं लागेल का ते पाहा. "किती वाजता हो?" असं तोंडात आलं, की तेवढंच मुलाला किंवा मुलीला दाखवा आणि पन्नास शब्दांच्या आत पुन्हा लिहायला सांगा.