डॉलर आज घ्यायचा की एप्रिलमध्ये

माझा दारव्ह्याचा मित्र आणि वहिनी येत्या ५ जूनला अमेरिकेला लेकीकडे चालले आहेत. डिसेंबरातच तो यवतमाळला माझ्याकडे आला आणि बसल्या बसल्या म्हणाला, "भाऊ, डॉलर रोज चढून रायला. आताच दोन हजार घेऊन ठेवू का?" मी नागपूरला बँकेत परकीय चलनाच्या टेबलावर बरीच वर्षं काढली, म्हणून असे प्रश्न माझ्याकडे येतात. त्या दिवशी आमचं जे बोलणं झालं ते इथे लिहून ठेवतो. पहिल्यांदा परदेशी जाणाऱ्या घरांत हाच प्रश्न निघतो, आणि बहुतेक वेळा तो भीतीपोटी चुकीच्या टोकाने सोडवला जातो.

मी आधी विचारलं, "व्हिसा हातात आला का?"

"मुलाखत फेब्रुवारीत आहे."

"मंग आज डॉलरचा विषयच नाही." आमचे जुने साहेब नव्या पोरांना पहिल्याच आठवड्यात सांगायचे की गिऱ्हाइकाला आधी व्हिसा विचारा, भाव नंतर सांगा. कारण एकच. चलन विकणारा ज्या भावाने देतो त्या भावाने परत घेत नाही. समजा, बाजारात डॉलर ९० रुपयांना आहे. रोख नोटा घ्यायला गेलात तर ९१ रुपये ५० पैशांच्या आसपास लागतील, आणि त्याच नोटा परत करायला गेलात तर ८८ रुपये ५० पैसे हाती येतील. दोन हजार डॉलरवर सहा हजार रुपये गेले. बाजारभाव जागचा हललासुद्धा नाही, फक्त व्हिसा नाकारला गेला. हा फरक दुकानागणिक कमीजास्त असतो, पण असतोच. त्यामुळे दुकानात शिरल्यावर "आजचा भाव काय" एवढंच न विचारता "हेच परत आणले तर काय द्याल" हेही विचारावं. दोन आकड्यांतलं अंतर जिथे मोठं, तिथून पाय काढता घ्यावा.

मग नियम सांगितला. प्रवासासाठीचं चलन निघण्याच्या ६० दिवस आधीपासून घेता येतं, असं रिझर्व्ह बँकेने सामान्य माणसासाठी दिलेल्या खुलाशात म्हटलं आहे. ६० दिवसांत वापर झाला नाही तर ते परत करायचं. ५ जूनचं विमान असेल तर ही मुदत ६ एप्रिलला उघडते. मित्र लगेच म्हणाला, "पण दोन हजार डॉलरपर्यंत घरात ठेवता येतात म्हणे?" बरोबर आहे. माणशी दोन हजार डॉलरपर्यंत चलन पुढच्या वापरासाठी जवळ ठेवायची मुभा आहे. म्हणजे त्याच्यासारख्या लहान रकमेची परत करण्याची अडचण नियमाने सुटते, पण फायदा होतो की नाही हे हिशेबानेच कळतं.

तो म्हणाला, "कापूस नाही का मी मार्चपर्यंत घरात ठेवत? भाव आला तर आला."

मी त्याला म्हटलं, कापूस तुझ्या शेतात पिकला, तो विकायचा कधी एवढंच तू ठरवतोस. इथे तू बँकेतली ठेव मोडून डॉलर घेणार. ९१ रुपये ५० पैशांनी दोन हजार डॉलर म्हणजे १ लाख ८३ हजार रुपये. ठेवीला साडेसहा टक्के धरले तर सहा महिन्यांचं व्याज सुमारे ५,९५० रुपये होतं. कपाटातल्या डॉलरच्या नोटेला एक पैसा व्याज नाही. ते ५,९५० दोन हजारांत वाटले तर डॉलरमागे जवळजवळ तीन रुपये पडतात. म्हणून आजचा ९० चा भाव जूनपर्यंत ९३ च्या वर गेला तरच आज घेतल्याचा फायदा. ९२ झाला, तर वर्तमानपत्रात "रुपया घसरला" असं येईल आणि तरीही थांबलेला माणूसच फायद्यात राहील.

हा हिशेब त्याने कागदावर दोनदा करून पाहिला. मग त्याने खरा प्रश्न विचारला, "सहा महिन्यांत तीन रुपये चढत नाही का?"

चढतो कधी कधी. जानेवारी २०१५ मध्ये डॉलर ६२-६३ रुपयांच्या घरात होता, जानेवारी २०२५ मध्ये ८६ च्या. दहा वर्षांची सरासरी काढली तर वर्षाला तीन टक्क्यांच्या आसपास पडते, म्हणजे सहा महिन्यांना दीड टक्का. आजच्या भावात ते दीड रुपयाच्या आत येतं, तीन नाही. पण सरासरी कधी सरळ चालत नाही. २०१३ चं वर्ष मला चांगलं आठवतं. मे महिन्याच्या सुरुवातीला डॉलर ५४ रुपयांच्या आसपास होता. अमेरिकेची मध्यवर्ती बँक बाजारात ओतत असलेला पैसा आवरता घेणार अशी चिन्हं दिसली, परदेशी गुंतवणूक बाहेर निघाली, आणि २८ ऑगस्टला डॉलर ६८ च्या वर गेला. त्या आठवड्यात सगळीकडे एकच बोलणं होतं की आता ७५ होणार. ऑक्टोबरात तो ६१-६२ वर उतरला. मे महिन्यात घेतलेल्याला नशिबाने मोठा फायदा झाला, आणि ऑगस्टअखेर घाबरून घेतलेल्याचे दोन महिन्यांत डॉलरमागे सहा-सात रुपये गेले. आधीच कळलं असतं असं त्या टेबलावरचं कोणीही प्रामाणिकपणे म्हणू शकत नव्हतं.

म्हणून भाव ओळखायच्या भानगडीत पडू नये, असं माझं ठाम मत आहे. मी त्याला सुचवलं की ६ एप्रिलनंतर तीन हप्त्यांत घे. पहिले सातशे एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात, सातशे मेच्या सुरुवातीला, उरलेले सहाशे निघण्याच्या आठवडाभर आधी. सगळ्यात चांगला भाव मिळणार नाही, सगळ्यात वाईटही नाही. सगळी रक्कम नोटांतही नको. पाचशे डॉलर नोटांत, तेही पाच, दहा आणि वीसच्या, आणि बाकीचे प्रवासाच्या कार्डात. कार्डात भरलेल्या दिवशीचाच भाव पक्का होतो आणि नोटांपेक्षा तो बहुधा थोडा बरा पडतो.

एका बाबतीत मात्र मी त्याला लवकर पैसे भरायला सांगितलं. लेकीकडून आठवडाभर नायगाऱ्याच्या बाजूला सहलीला जायचं आहे, आणि सहल कंपनीने दर "इतके रुपये अधिक इतके डॉलर" असा दिला आहे. असा दर असला की डॉलरचा भाग कुठल्या तारखेच्या भावाने धरणार हे लेखी घ्यावं. भरल्या दिवसाचा भाव पक्का होत असेल, आणि व्हिसा न मिळाल्यास किती परत मिळेल हे कागदावर असेल, तर व्हिसा हातात पडताच ते भरून टाकावे. ते देणं ठरलेलं आहे, त्यात वाट पाहून निवड करण्यासारखं काही उरत नाही.

जाता जाता त्याने हळूच सांगितलं, "शेजाऱ्याचा पोरगा आखातातून आला. बाराशे डॉलर आहेत त्याच्याकडे, दोन रुपये स्वस्त देतो म्हणतो."

"घेऊ नको." चलन अधिकृत विक्रेत्याकडूनच घेता येतं. शेजाऱ्याकडून रुपये मोजून घेणं फेमा कायद्यात बसत नाही, नोट खोटी निघाली तर दाद कुठे मागणार, आणि कुणी विचारलं तर दाखवायला बिल नाही. बिल असलं पाहिजे, आणि त्यावर पासपोर्टचा नंबर बरोबर आहे का ते तिथेच पाहायचं. ५० हजार रुपयांच्या वरची रक्कम रोखीने देता येत नाही, तेव्हा चेक नाहीतर खात्यातून पैसे वळते करायची तयारी ठेवायची. १ लाख ८३ हजारांच्या खरेदीवर जीएसटी साधारण २५५ रुपये होतो. तीन हप्त्यांत घेतलं तर थोडा जास्त पडेल, तेवढा पडू द्यावा.

"आणि उरले तर?"

परत आल्यावर १८० दिवसांत जास्तीचे डॉलर विकायचे. दोन हजारांपर्यंत ठेवले तर चालतात, आणि लेक तिकडेच आहे म्हटल्यावर पुढच्या खेपेला ते लागतीलच. नाणी मात्र इकडे सहसा कुणी बदलून देत नाही, ती विमानतळावर चहापाण्यात संपवून यायची. त्याने खिशातली डायरी काढून ६ एप्रिलच्या पानावर "व्हिसा असेल तर पहिले सातशे" असं लिहिलं आणि दारव्ह्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठला.