चार वाक्यांच्या परिचयाचे किती द्याल?

गेल्या हिवाळ्यात एका व्याख्यानासाठी आम्ही वक्त्याचा बायोडेटा मुंबईच्या लिहून देणाऱ्या मंडळींकडे पाठवला. परत आलेल्या परिचयाचं पहिलंच वाक्य होतं, ‘सह्याद्रीच्या कुशीतल्या हिरव्यागार कर्जत नगरीत आपलं स्वागत.’ त्यांच्या डोक्यात रायगडातलं कर्जत होतं. आमचं कर्जत अहिल्यानगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, रेहेकुरीच्या काळविटांचं आणि टँकरची वाट पाहणारं. सूत्रसंचालकाने ते जसंच्या तसं वाचलं आणि सभागृह खो खो हसलं. पैसे मात्र आधीच दिले होते.

तेव्हापासून पैसे देण्याआधी मी एकच गोष्ट विचारतो: हे काम नेमकं किती आहे? समोरचा माणूस शब्दांवर दर सांगू लागला तर सावध व्हा. चार वाक्यांचा परिचय म्हणजे जेमतेम पन्नास-साठ शब्द. शब्दाला एक रुपया धरला तर लिहिणाऱ्याला चहापाण्याचे पैसेही सुटत नाहीत, म्हणून तो शब्द वाढवतो आणि चाराची आठ वाक्यं होतात. खरं काम वगळण्याचं आहे. तीन-चार पानांचा बायोडेटा वाचायचा, वक्त्याला किंवा त्याच्या माणसाला एक फोन करायचा, लिहायचं आणि मोठ्याने वाचून पाहायचं, यात तास-दीड तास जातो. त्या वेळाचे माझ्या हिशेबाने ३०० ते ५०० रुपये रास्त आहेत, एक दुरुस्ती त्यातच धरून. तालुक्याच्या कार्यक्रमाला ७००च्या वर देऊ नयेत. हा माझा अंदाज आहे, सरकारी दरपत्रक नव्हे. घासाघीस तुमची तुम्ही करा. जीएसटी नोंदणी असलेल्या एजन्सीकडे गेलात तर बिलावर १८ टक्के चढतात, म्हणजे ५००चे ५९० होतात. सेवा देणाऱ्याची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर त्याला सहसा नोंदणी लागत नाही. त्यामुळे एकट्याने काम करणाऱ्या लेखकाने जीएसटी मागितला, तर नोंदणी क्रमांक विचारा.

त्याआधी आणखी एक चौकशी करा. सूत्रसंचालकाला मानधन देणार असाल तर परिचय लिहिणं त्यातच येतं का? बऱ्याचदा येतं. फक्त ते आधी विचारलेलं नसतं, आणि मग दोघांना पैसे जातात. मराठी शिकवणारे एखादे सर किंवा बाई ओळखीच्या असतील तर काम फुकटही होईल, पण कागद चार दिवस आधी पोचवायला हवा. आदल्या रात्री व्हॉट्सअॅपवर पाठवून फुकटात काम मागणं बरं दिसत नाही.

आता काम चांगलं झालं की नाही, हे कसं ओळखायचं? समजा, कर्जतच्या महाविद्यालयात राहीबाई पोपेरे बियाण्यांवर बोलायला येणार आहेत. त्यांच्याविषयीची माहिती गोळा केली तर कागदावर बरंच काही येतं: अकोले तालुक्यातलं कोंभाळणे गाव, गावरान बियाण्यांची बँक, ‘बीजमाता’ ही ओळख, २०१८चा नारीशक्ती पुरस्कार, त्याच वर्षीच्या बीबीसीच्या शंभर स्त्रियांच्या यादीत नाव आणि २०२०ची पद्मश्री. शिक्षणाचा रकाना मात्र रिकामा राहतो, कारण त्या शाळेत गेल्या नाहीत. बायोडेट्याचा साचा सगळ्यात आधी शिक्षण विचारतो. इथे तोच साचा धरला तर परिचयाची सुरुवातच अडखळते. म्हणून मी असं लिहीन:

‘आपल्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावात, आजच्या आपल्या पाहुण्या शेती करतात. शाळेची पायरी न चढताही त्यांनी गावरान बियाणं जपलं, वाढवलं आणि आसपासच्या शेतकऱ्यांना पेरायला दिलं. त्या कामाबद्दल भारत सरकारने दोन हजार वीस साली त्यांना पद्मश्री पुरस्कार जाहीर केला. घरातलं बियाणं किडीपासून कसं वाचवायचं, हे सांगायला आल्या आहेत राहीबाई सोमा पोपेरे.’

हे बावन्न शब्द झाले. सावकाश वाचले तरी अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपतात. पहिल्या वाक्यात पाहुण्यांचा आपल्याशी धागा जोडला, दुसऱ्यात काम सांगितलं, तिसऱ्यात एकच मान घेतला आणि चौथ्यात आजचा विषय. नाव अगदी शेवटी ठेवलं, कारण नाव आलं की टाळ्या येतात आणि टाळ्यांनंतर सूत्रसंचालकाचं कुणी ऐकत नाही. नारीशक्ती आणि बीबीसी वगळलं ते कमी महत्त्वाचं म्हणून नव्हे. कानाला तीन पुरस्कार लागोपाठ ऐकवले की एकही लक्षात राहत नाही. ते निमंत्रणपत्रिकेवर छापा, तिथे जागा असते.

तिसरं वाक्य नीट पाहा. ‘पद्मश्री राहीबाई पोपेरे’ असं मी लिहिलेलं नाही. पद्म पुरस्कार ही पदवी नव्हे, त्यामुळे तो नावाच्या मागे किंवा पुढे लावता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५च्या निकालात स्पष्ट केलं आहे. मिळालेला मान वाक्यात सांगायला काहीच हरकत नाही. आपल्याकडे फ्लेक्सवर सर्रास चुकीचं छापतात, पण ज्याने परिचयाचे पैसे घेतले त्याला एवढं माहीत असायला हवं.

‘चार वाक्यं’ या अटीला पळवाटही आहे. मराठीत ‘जन्मलेल्या, शिकलेल्या, काम केलेल्या, पुरस्कार मिळालेल्या’ अशी विशेषणांची मालगाडी जोडत गेलं की चाळीस शब्दांचं एक वाक्य सहज होतं, आणि क्रियापद येईपर्यंत बोलणाऱ्याचा दम संपतो. म्हणून सांगतानाच दोन अटी घाला: एका वाक्यात पंधराच्या आसपास शब्द आणि एका वाक्यात एक काम. कागद हातात आल्यावर स्वतः मोठ्याने वाचा. वाक्याच्या मधे श्वास घ्यावा लागला तर ते वाक्य परत पाठवा. साल आकड्यात असेल तर अक्षरात लिहून मागा, कारण माईकसमोर आकडा दिसला की माणूस अडतो. कंसातला मजकूर आणि आद्याक्षरांची नावंही चालणार नाहीत, ती उच्चारायची कशी हे सूत्रसंचालकाला ठाऊक नसतं.

एक तांत्रिक फसगत इथे नेहमी होते. डीटीपीवाला श्रीलिपीत टाइप करून फाइल देतो, ती सूत्रसंचालकाच्या मोबाइलवर उघडली की अक्षरांऐवजी भलतीच चिन्हं दिसतात. मजकूर युनिकोडमध्ये मागा, सोबत एक पीडीएफ घ्या. छापताना अक्षर मोठं ठेवा, अठरा पॉइंटच्या खाली नको, आणि प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर. चार वाक्यांच्या टाइपिंगला पूर्ण पानाचा दर देऊ नका.

मजकूर ठरला की वक्त्याला फोनवर वाचून दाखवा. नावाचा उच्चार, गावाचं नाव आणि पुरस्काराचं साल तिथेच तपासून होतं. फोनचा खर्च शून्य आहे, आणि मुंबईच्या त्या मंडळींनी हा एक फोन केला असता तर रायगडचं कर्जत आमच्या व्यासपीठावर आलं नसतं. कागदाच्या दोन प्रती काढा आणि एक कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळीच सूत्रसंचालकाच्या हातात द्या. दुसरी स्वतःच्या खिशात ठेवा, कारण पहिली हमखास घरी राहते.