सारफथची बाई आणि पिठाचे मडके
(मुलांच्या रविवारच्या वर्गासाठी गोष्टरूप पाठ)

शास्त्रपाठ : १ राजे १७:८-१६, लूक ४:२५-२६
वयोगट : ६ ते १० वर्षे
वेळ : गोष्टीला ८ मिनिटे, गप्पांना ५ मिनिटे
साहित्य : एक मडके, मूठभर नागलीचे पीठ, तेलाची लहान बाटली, दोन काटक्या

आमच्या पाड्यांवरच्या वर्गात मुलांना पवित्र शास्त्र कसे सांगता, असे आपल्यापैकी काही जण पत्रातून विचारतात. म्हणून या अंकात मी एक पाठ जसा सांगतो तसाच लिहून देत आहे. आपल्या मंडळीच्या वर्गातही तो चालेल.

ही गोष्ट निवडण्याआधी मी बराच विचार करतो, कारण ती भुकेची गोष्ट आहे. आमच्या वर्गातली काही मुले दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. त्या दिवसांत घरचे पीठ संपणे म्हणजे काय, हे त्यांना शिकवावे लागत नाही. अशा मुलाने गोष्ट ऐकून घरी जाऊन आईला म्हणू नये, "तू देवावर भरवसा ठेवला नाहीस, म्हणून आपलं मडकं रिकामं आहे." गोष्ट कशी सांगावी आणि काय सांगू नये, हे सारे या एका काळजीवरून ठरते.

आधी शब्द. आमची मुले घरी वारली किंवा कोकणी बोलतात. मराठी ही त्यांची शाळेची भाषा. म्हणून ‘विधवा’ न म्हणता मी ‘तिचा नवरा वारला होता’ म्हणतो. ‘संदेष्टा’ न म्हणता ‘देवाचा निरोप सांगणारा माणूस’. ‘दुष्काळ’ न म्हणता ‘पाऊस आलाच नाही’. ‘विश्वास’ हा शब्द गोष्टीत एकदाही येत नाही. बाई काय करते, त्यातून तो दिसतो. वाक्य एका श्वासात संपले पाहिजे. आणि एक ओळ तीनदा येते, ती मुलांनी माझ्याबरोबर म्हणायची. मडके समोर ठेवून मी सुरुवात करतो.

*

मुलांनो, फार वर्षांपूर्वीची गोष्ट. पाऊस आलाच नाही. एक पावसाळा गेला. दुसराही कोरडा गेला. ओहोळ आटला. शेतात काही उगवलं नाही.

देवाचा निरोप सांगणारा एक माणूस होता. त्याचं नाव एलीया. तो ओहोळाजवळ राहायचा. ओहोळ आटला, तेव्हा देव त्याला म्हणाला, "ऊठ. सारफथ गावाला जा. तिथे एक बाई तुला जेवायला देईल."

सारफथ दूर होतं. दुसऱ्या लोकांचं गाव. एलीया चालत चालत गेला. गावाच्या वेशीपाशी पोचला. तिथे एक बाई काटक्या वेचत होती. (काटक्या दाखवा.) तिचा नवरा वारला होता. घरी तिचा लहान मुलगा होता.

एलीया म्हणाला, "बाई, थोडं पाणी देतेस?"

ती लगेच पाणी आणायला निघाली. एलीयाने मागून हाक मारली, "येताना भाकरीचा तुकडाही आण."

बाई थांबली. म्हणाली, "बाबा, तुझ्या देवाची शपथ, माझ्याकडे भाकरी नाही. मडक्यात फक्त..." (पीठ दाखवा. सगळे मिळून : ‘एक मूठ पीठ, थोडंसं तेल!’) "दोन काटक्या नेते. माझ्यासाठी आणि लेकरासाठी शेवटचं करते. मग आम्ही मरणार."

(इथे थोडा वेळ गप्प राहा.)

एलीया म्हणाला, "भिऊ नकोस. आधी माझ्यासाठी लहानशी भाकर कर. मग तुमच्यासाठी कर. देव म्हणतो, पाऊस येईपर्यंत तुझं पीठ संपणार नाही. तेल संपणार नाही."

बाई घरी गेली. तिने मडक्यात हात घातला. काय होतं? (सगळे : ‘एक मूठ पीठ, थोडंसं तेल!’) तिने भाकर केली. एलीयाला दिली. मग पुन्हा मडक्यात हात घातला. अजून पीठ होतं! लेकराला भाकर केली. स्वतःला केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने मडक्यात हात घातला. काय होतं? (सगळे : ‘एक मूठ पीठ, थोडंसं तेल!’) त्याच्या दुसऱ्या दिवशीही होतं. एलीया जेवला. बाई जेवली. लेकरू जेवलं. एका मडक्यातून तिघं जेवली, पुष्कळ दिवस.

मुलांनो, त्या बाईचं नाव कोणी लिहून ठेवलं नाही. ती दुसऱ्या गावची, गरीब. पण देवाला तिचं घर ठाऊक होतं. पुढे येशूनेही लोकांना तिची आठवण करून दिली.

*

गोष्ट संपली की मी दोनच प्रश्न विचारतो. ‘बाईला कशाची भीती वाटत होती?’ आणि ‘एलीया तिच्या घरी आला नसता तर देवाला ते घर ठाऊक नसतं का?’ दुसऱ्या प्रश्नावर मुले खूप बोलतात. बोलू द्यावे. ‘आज सकाळी काय खाल्लंस?’ हे मात्र विचारू नये. ज्याने काही खाल्लेले नाही, तो सगळ्यांसमोर ते का सांगेल?

मग एका मुलाला ती गोष्ट त्याच्या घरच्या भाषेत सांगायला लावतो. आपण काय शिकवले ते इथे कळते. ‘मडकं भरून वाहायला लागलं’ असे तो म्हणाला, तर समजावे की दुसरी गोष्ट यात मिसळली. २ राजे ४ मध्ये अलीशाच्या वेळी एका बाईची भांडी तेलाने भरली आणि ते विकून तिने कर्ज फेडले. सारफथला मडके भरल्याचे शास्त्र सांगत नाही. ते संपले नाही, एवढेच सांगते. बाईला रोज मडक्यात हात घालावा लागला. म्हणून वर्गातले मडके मी काठोकाठ भरून दाखवत नाही. त्यात मूठभरच पीठ ठेवतो.

‘आपण दिलं की देव आपल्यालाही पीठ देतो’ असे मूल म्हणाले, तर ते तसेच सोडू नये. पीठ न संपण्याचे वचन त्या घराला, पाऊस येईपर्यंत दिलेले होते. प्रभूनेही लूक ४ मध्ये सांगितले की त्या काळी इस्राएलात पुष्कळ विधवा होत्या, पण एलीयाला पाठवले ते सीदोनातल्या सारफथच्या एकीकडे. बाकीच्या घरांची मडकी रिकामी राहिली, म्हणून त्या बायका वाईट होत्या, असे प्रभू म्हणत नाही. मुलाला मी इतकेच सांगतो : "तुझ्या आईच्या मडक्यात पीठ नसलं, तर तो तिचा दोष नाही. देव तिच्यावर रागावलेला नाही."

याच कारणाने या पाठाच्या दिवशी वर्गात दानाची थैली फिरवू नये. ‘आधी मला दे’ हे एलीयाचे शब्द शिक्षकाने स्वतःसाठी वापरले, तर गोष्ट उलटी होते. त्या दिवशी देणारे आपण असावे. आम्ही शेवटी मडक्यातल्या पिठात घरून आणलेले पीठ मिसळून तिथेच चुलीवर भाकरी करतो आणि सगळ्यांना सारखा तुकडा देतो. कोण उपाशी आले, हे कोणाला कळत नाही.

प्रार्थना : देवा, सारफथचं घर तुला ठाऊक होतं. आमचं घरही तुला ठाऊक आहे. आज आमच्याकडे भाकर असेल तर शेजाऱ्याची आठवण दे. नसेल तर आमच्याजवळ राहा. आमेन.