लायक्रावर मशीन टाका सोडतं तेव्हा

अगं, लगेच मिस्त्री बोलावू नको. आधी मांजरपाटाचा तुकडा घे आणि त्याच दोऱ्यानं, त्याच सुईनं वीतभर शिलाई मार. तिथं टाके एकसारखे आले आणि लेगिंगवर मात्र मधेच लांबडा टाका पडला, तर दोष बहुतेक सुईचाच. सुई नवी आणि नीट बसवलेली असून मांजरपाटावरही टाके सुटले, तर टायमिंग हललंय, आणि ते काम मिस्त्रीचंच.

होतं काय, ते हातानं चाक सावकाश फिरवून बघ. सुई तळाशी जाऊन जराशी वर उचलली की नेढ्यामागे दोऱ्याचा फुगा पडतो आणि शटलचं टोक त्यात शिरतं. लायक्राचं कापड सुईला धरून तिच्यासंगं वर येतं. मग फुगा पडत नाही आणि टोक रिकामंच फिरून जातं.

साधी टोकदार सुई विणीचा धागाही तोडते. दोन धुण्यांत शिलाईशेजारी भोकं दिसतात. टी-शर्टच्या होजिअरीला बॉलपॉइंट सुई पुरते. तिचं टोक गोलसर, ते धाग्यांमधून वाट काढतं. लायक्रा जास्त असेल तर ‘स्ट्रेच’ लिहिलेलं पाकीट माग. हिचंही टोक गोलसर, पण नेढ्याच्या वर मागच्या अंगाला खाच खोल असते, म्हणून शटल जवळून जाऊन लहान फुगाही पकडतं. पातळ कापडाला ७५/११, जाडाला ९०/१४. आपल्या घरगुती मशीनला चपट्या दांड्याची सुई लागते. दुकानात शेजारीच गोल दांड्याच्या असतात, त्या कारखान्याच्या मशीनच्या. बसवताना खाच शटलकडे हवी आणि सुई वर टेकेपर्यंत सरकवून मगच स्क्रू आवळ.

चिकलठाण्याला पाळीवर जाणाऱ्या आपल्या मुकुंदवाडीतल्या पोरींची लेगिंगं येतात, त्यात खरी अडचण आसनाच्या जोडाला. बाकी शिलाई छान, आणि चार पदर एकत्र आले की टाका गेलाच. तिथं पाय चढावर तिरपा होतो आणि कापड खालून सुटं राहतं. पायामागे त्याच कापडाची घडी सरकव म्हणजे पाय सपाट बसेल, कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी घाल, तेवढे टाके चाक हातानं फिरवून घे, मग कागद फाडून टाक. तरी सुटले तर ९०/१४ लाव. पण मागून कापड ओढू नको, सुई वाकते आणि नवीच कटकट होते.

बसताना शिवण तट्‌कन तुटली, तर ते टाके सुटणं नव्हे. तिथं दोराच ताणाला पुरला नाही. झिगझॅग असेल तर रुंदी १, लांबी २.५ ठेव. काळ्या मशीनवर झिगझॅग नाही, तेव्हा पॉलिस्टरचा दोरा घे आणि टाका थोडा बारीक ठेव.

आणि स्ट्रेच सुई काढून ठेवताना दांड्याला नेलपॉलिशचा ठिपका लाव. डब्यात पडली की साध्या सुईतून ती ओळखू येत नाही.