आधी आजींना विचार, मग अमेरिकेला फोन कर

अगं, तुझ्या घरपोच शुश्रूषा सेवेचं पत्रक वाचलं. ‘तुमच्या आईवडिलांची काळजी आमच्यावर सोपवा’ हे वाक्य काढून टाक. न्यू जर्सीतल्या लेकीला आपण लांब असल्याची बोच आधीच असते. तिला गोड शब्द नकोत, पडताळून बघता येईल असं काहीतरी हवं.

म्हणून तिला एका दिवसाच्या नोंदीचा नमुना पाठव, कुणाचंही नाव-गाव न घालता. समज, ठाकूरद्वारच्या चाळीत तिसऱ्या मजल्यावर खुब्याचं ऑपरेशन होऊन आजोबा घरी आलेत. लिफ्ट नाही, संडास गॅलरीच्या टोकाला. ‘आजोबा मजेत’ असं लिहून हसरा फोटो पाठवलास तर लेकीला काय कळणार? त्यापेक्षा लिही: ‘दर दोन तासांनी कूस बदलली. डाव्या टाचेवर लाल डाग, दाबल्यावर फिका पडत नाही. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवली. ११ वाजता डॉक्टरांना कळवलं.’ असा डाग म्हणजे बेडसोरची सुरुवात. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, तिथे हात लावून ऊब आणि घट्टपणा बघायचा, हेही तुझ्याकडे काम करणाऱ्या बायांना शिकव. अशा चार ओळींतून तुझं काम लेकीला दिसतं.

नोंद संध्याकाळी साडेपाचला पाठव. उन्हाळ्यात तेव्हा तिकडे सकाळचे आठ वाजतात, हिवाळ्यात सात. तिने काही विचारलं तर दिवसपाळीची बाई घरातच असते आणि डॉक्टरही गाठता येतात.

दरपत्रकात आया आणि नर्स वेगवेगळ्या लिही. आया अंघोळ घालेल, भरवेल, कूस बदलेल; इंजेक्शन आणि कॅथेटर नर्सचं काम. नर्स एएनएम की जीएनएम, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक काय, हे लेकीला आपणहून दे. ‘चोवीस तास’ म्हणजे बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या की मुक्कामी एकच बाई, तेही स्पष्ट कर. दहा बाय बाराच्या खोलीत मुक्कामी बाई झोपणार कुठे, हा प्रश्न तिकडून कुणाला सुचत नाही. आणि बाई आली नाही तर बदली किती वेळात, याचं पाळता येईल तेवढंच वचन दे.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पैसे लेक देते, पण दार आजी उघडतात. त्यांना न विचारता बाई पाठवलीस तर दोन दिवसांत ‘आम्हाला गरज नाही’ म्हणून परत पाठवतील. म्हणून आधी स्वतः जिना चढून जा. स्वयंपाकघरात कुणी शिरलेलं चालेल का, आजोबांची अंघोळ पुरुषाने घातलेली बरी का, फोटो काढलेला चालेल का, हे त्यांना विचार. त्या नको म्हणाल्या तर फोटो नाही, लेकीने मागितला तरी नाही. आजींनी घातलेल्या अटी लिहून काढ आणि दराच्या आधी तोच कागद लेकीला पाठव. आपल्या आईला विचारूनच सगळं ठरतंय, हे तिला त्यातून कळेल.